गच्चीवरच्या भाजीचं चॅनेल: नाव, हँडल, बॅनर

तुमच्या यूट्यूब चॅनेलसाठी ‘गच्चीवरची भाजी’ हे नाव छान आहे, ठेवा तेच. गोची हँडलमध्ये होणार. ‘गच्ची’ रोमनमध्ये कुणी gacchi लिहितं, कुणी gachchi, कुणी gachi. म्हणजे तुम्ही तोंडी सांगितलेलं हँडल समोरच्याला टाइप करता येणार नाही. त्यापेक्षा @terracebhaji घ्या, मिळालं तर. दोन-तीन जणांना फोनवर नुसतं ऐकवा आणि लिहून पाठवायला सांगा. सगळ्यांचं सारखं आलं तर पक्कं करा. शेवटी आकडे मात्र नकोत.

बॅनर २०४८ × ११५२ पिक्सेलचा करा, पण अक्षरं मधल्या १२३५ × ३३८ च्या पट्ट्यातच बसवा. बाकीचा भाग टीव्हीवर दिसतो, मोबाइलवर कापला जातो. कोपऱ्यात लिहिलेलं ‘दर शनिवारी’ तिथेच गायब होतं.

वर्णनाची सुरुवात ‘आपलं सहर्ष स्वागत’ने करू नका. ती पहिली ओळ वाया जाते, कारण पुढचं वाचायला ‘आणखी’वर बोट ठेवावं लागतं, आणि ते कोण ठेवतो? असं लिहा: ‘कुंड्या आणि जुन्या बादल्यांत मेथी, टोमॅटो, मिरची कशी लावायची, किडीवर काय फवारायचं. दर शनिवारी एक व्हिडिओ.’ शनिवार जमणार नसेल तर वार लिहूच नका.