ट्रायपॉड राहू द्या, आधी शीर्षकाचं बघा

प्रश्न : मी प्रवासाचे व्लॉग करतो. फेब्रुवारीत पुरातत्त्व खात्याच्या एका किल्ल्यावर व्हिडिओची पावती घेऊन शूटिंग केलं. तटावर बसलेलं एक जोडपं फ्रेममध्ये आलं. त्याचंच थंबनेल केलं आणि ‘गडावर जोडप्याचे चाळे’ असं शीर्षक दिलं. मार्चमध्ये त्या बाईंनी व्हिडिओ काढून टाकायचा मेसेज केला, पण तो चांगला चालला होता म्हणून दुर्लक्ष केलं. आता वकिलाची नोटीस आली आहे. तो माणूस त्यांचा भाऊ होता म्हणे. पंधरा दिवसांत व्हिडिओ काढून टाका, पाच लाख द्या, नाहीतर ट्रायपॉड वापरल्याचीही तक्रार करू, अशी धमकी आहे. सार्वजनिक जागेत शूटिंग करणं गुन्हा आहे का? शीर्षक बदलून नव्याने अपलोड केला तर चालेल का?

उत्तर : ‘सार्वजनिक जागा होती’ हे वाक्य घेऊन बरेच व्लॉगर माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांची अडचण जागेत नसतेच. गर्दीच्या ठिकाणी कुणी ओझरतं फ्रेममध्ये आलं, एवढ्यावरून सहसा गुन्हा होत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला दोन माणसं शेजारी बसलेली दिसली. ‘चाळे’ हा शब्द तुमचा आहे. ‘जे दिसलं तेच दाखवलं’ हा बचाव तिथेच संपतो. मुळात फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये एक अट आहे आणि तुमचं सगळं तिच्यावर ठरेल. समोरच्याची अब्रू जावी असा हेतू हवा, किंवा ती जाईल याची जाणीव हवी, किंवा तसं वाटायला कारण तरी हवं. फेब्रुवारीपुरतं ‘मला काय माहीत’ असं निदान म्हणून बघता आलं असतं. मार्चचा मेसेज आला आणि ती वाट बंद झाली. बाईंनी स्वतः सांगितल्यावरही तुम्ही व्ह्यूज मोजत बसलात. त्या दिवशी पाच मिनिटं खर्च केली असती तर हा प्रश्न लिहायची वेळ बहुधा आली नसती.

आजच्या आज व्हिडिओ Private करा. Unlisted चालणार नाही, लिंक असलेल्याला तो दिसतच राहतो. त्याआधी शीर्षक, थंबनेल, अपलोडची तारीख आणि तो मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या. काहीही डिलीट करू नका. मूळ फुटेजही जपून ठेवा, उद्या कोर्टात पुरावा नष्ट केल्याचा ठपका नको. याच व्हिडिओतून कापलेल्या छोट्या क्लिपा इतर ॲपवर असतील तर त्याही उतरवा. लोक नेमक्या त्याच विसरतात.

नव्याने अपलोड मुळीच करू नका. बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एक वर्षाची मुदत असते. इंटरनेटवर ती नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण नवं अपलोड म्हणजे नवं प्रकाशन, असं समोरचा वकील म्हणणारच. त्याला ताजी तारीख तुम्ही का देता? प्रकरण मिटल्यावर किल्ल्याचा बाकी भाग ठेवायचाच असेल तर YouTube Studio मधून तो प्रसंग कापा. नुसता चेहरा धूसर करून थंबनेल आणि शीर्षक बदलत नाही, ती वेगळी बदलावी लागतात.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच द्या. व्हिडिओ अमुक तारखेला उतरवला आहे आणि झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, एवढं पुरे. पाच लाख हा मागणीचा आकडा आहे. कोर्ट किती देईल, देईल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. बाईंना फोन करू नका, आणि ‘माझी बाजू’ असा व्हिडिओ तर नकोच नको.

ट्रायपॉडचं म्हणाल तर पावती कॅमेऱ्याची असते. १९५९च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात कॅमेरा-स्टँड, स्टूल, खुर्ची, मोठी छत्री असलं काही न्यायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. (यादी वाचून समोर चित्रकार उभा राहतो, व्लॉगर नाही. पण नियम तोच लागू आहे.) एरवी पहारेकरी हटकून सोडून देतात. लेखी तक्रार आल्यावर खातं काय करेल, हे मी छातीठोक सांगणार नाही. त्याच नियमांत चित्रपटासारख्या शूटिंगला वेगळा परवाना लागतो. कमाई देणारा व्लॉग त्यात बसतो का, यावर दोन्हीकडून बोलता येईल, म्हणून पुढच्या वेळी आधी लेखी विचारा.

नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर वकिलाकडे घेऊन जा. ती कधी मिळाली हे त्यावरून ठरवता येतं. पंधरापैकी बरेच दिवस तुम्ही आधीच घालवलेले असू नयेत, एवढीच अपेक्षा.