फाईल कुणाच्या खात्यात आहे, ते आधी विचार

भावा, ग्रुप प्रोजेक्टच्या गूगल डॉकमध्ये पहिली ओळ लिहिण्याआधी मालक कोण ते बघ. आम्ही बघितलं नव्हतं.

राजारामपुरीतली खोली, आम्ही तिघं, रात्रीचे ११:२०. बाराला पोर्टल बंद. एकाएकी कुणालाच टाईप होईना. आम्ही दहा मिनिटं परवानगी तपासत बसलो, नेट बदलून बघितलं. शेवटी फाईलच्या मालकिणीला फोन लावला, ती गावी पन्हाळ्याला. म्हणाली, "अरे, मला पण लिहिता येईना झालंय!"

खूण इथंच होती. फक्त तुझंच अडलं, तर परवानगीचा घोळ किंवा चुकीचं खातं. मालकाचंही अडलं, तर त्याची साठवण भरलेली असू शकते. फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. तिच्या फोनमधले जोतिबा यात्रेचे व्हिडिओ आपोआप तिकडं चढत होते. मर्यादा ओलांडली की तिच्या फाईलमध्ये कुणालाच बदल करता येत नाही, कॉपीही होत नाही.

तिनं व्हिडिओ उडवले, पण ट्रॅशमधलेही मोजले जातात. ट्रॅश रिकामा केला तरी आकडा लगेच उतरेलच असं नाही. त्याची वाट बघू नको. वाचता येत होतं म्हणून आम्ही `File > Download > Microsoft Word (.docx)` केलं, एकाच लॅपटॉपवर उरलेलं लिहिलं, बाकीचे तोंडानं सांगत होते. ११:५३ ला जमा. संदर्भसूची मात्र अर्धीच गेली.