हॉस्टेलच्या रूममेटला निरोप देताना काय बोलायचं

प्रश्न: कॉलेज संपलं, परवा हॉस्टेल सोडायचंय. माझ्या रूमीला जाताना काय बोलू? नेटवरचे फेअरवेल मेसेज वाचले, सगळे खोटे वाटतात.

खोटे वाटतात कारण ते कुणालाही पाठवता येतात. "तू खूप स्पेशल आहेस" हे तुझ्या रूमीला पण चालतं आणि शेजारच्या रूममधल्या मुलीला पण. तुम्हा दोघींनाच माहिती असलेली एखादी गोष्ट सांग, बास.

आधी वेळेचं बोलते, कारण गडबड तिथेच होते. निघायच्या दिवशी बोलू असं ठरवलंस तर ते राहून जाणार हे नक्की. त्या दिवशी तिचे बाबा गाडी घेऊन सकाळीच हजर, आई कपाटाच्या मागे काय राहिलंय बघतेय, रेक्टरना चावी द्यायचीय, नो ड्यूजवर लायब्ररीची सही बाकी आहे, अशात कोण काय बोलणार. म्हणून आदल्या रात्री बोल, बॅगा भरताना. हात कामात असले की समोरासमोर बघावं लागत नाही आणि अवघड वाक्य पण सहज निघून जातं. आणि हो, मेसचे, किटलीचे, रिक्षाचे जे काय पैसे द्यायचे-घ्यायचे असतील ते त्याच्याही आधी मिटवून टाक, नाहीतर डोळ्यात पाणी आणि डोक्यात साडेतीनशे रुपये असं होतं.

बोलायला जमणारच नसेल तर लिहून दे. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होते, माझी रूमी अकोल्याची, तिला मी वहीच्या पानावर लिहून दिलेलं. साधारण असं होतं:

"ए अकोलेवाली, एम थ्रीचा रिझल्ट लागला त्या रात्री मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडले होते. तू काहीच विचारलं नाहीस. मेसमधून डब्यात माझ्या पोळ्या आणल्यास, टेबलावर ठेवल्यास आणि कानात हेडफोन घालून बसलीस, म्हणजे मला रडता यावं. त्यात गाणं चालू नव्हतं हे मला कळलं होतं बरं का. आता कुणी रडताना दिसलं की मीही फार प्रश्न विचारत नाही, ते तुझ्याकडून घेतलंय. जानेवारीत पण फॅन तीनवर पाहिजे हे मात्र तुझं चूकच होतं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी संध्याकाळी फोन करते, उचल."

यात बघ, तिचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. एक प्रसंग आहे, त्यातून माझ्यात काय उतरलं ते आहे, मग फॅनवरून एक टोमणा, कारण चार वर्षं भांडलेल्या माणसाला नुसतं गोड गोड लिहिलं की तिलाच शंका येते की हिला झालंय काय. शेवटचा फोनचा दिवस मुद्दाम ठरवून लिहिलाय. "दर महिन्याला भेटू" असं लिहू नकोस, एक बंगलोरला जॉइन होणार आणि दुसरी गावी एमपीएससीचा अभ्यास करणार तर कुठलं दर महिन्याला, आणि दोन महिने चुकले की मग फोन करायचीच लाज वाटायला लागते. एक तारीख पुरे, ती पाळली की पुढची आपोआप ठरते.

तिचं प्लेसमेंट झालं नसेल आणि तुझं झालं असेल तर तो विषयच काढू नकोस. "तुलाही मिळेल गं" हे तू प्रेमाने म्हणशील पण तिला ते टोचणारच, घरी गेल्यावर नातेवाईक हेच ऐकवणार आहेत तिला.

आणि तुमचं फारसं पटत नसेल तर ओढूनताणून मैत्री दाखवू नकोस. "आपलं जमलं नाही फार, पण मी आजारी असताना तू रात्री लाइट बंद ठेवायचीस ते लक्षात आहे" एवढं खरं बोललीस तरी खूप झालं. असं काहीच आठवत नसेल तर नीट हसून "चल, ऑल द बेस्ट", त्यात काही कमीपणा नाही.

कागद लिहिलास तर तो हातात देऊ नकोस, ती तिथेच उघडणार आणि दोघींची पंचाईत. तिच्या ओरिजिनल मार्कशीटच्या फाइलमध्ये सरकवून ठेव. कपड्यांची बॅग टेम्पोत जाते, ती फाइल मात्र प्रत्येक जण स्वतःजवळ ठेवतं, आणि जॉइनिंगला नाहीतर अॅडमिशनला ती उघडावीच लागते. फक्त स्टेपल मारू नकोस आणि मार्कशीटच्या मागे तर अजिबात लिहू नकोस, आमच्या विंगमधल्या एकीने तो पराक्रम केलेला, पेनाने.

गेटवर मग काही मोठं बोलायची गरज उरत नाही. चार्जर घेतलास का, पोचलीस की मेसेज कर, झालं. डिपॉझिट परत मिळायला वेळ लागतो, तेवढा तिचा अकाउंट नंबर ऑफिसच्या फॉर्मवर बरोबर लिहिलाय का ते बघून घ्या दोघी.