ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर दादाचं नाव आणि घरात आलेली बायको

"मॅडम, मी सातपूरला कंपनीत आहे. रुजू झालो तेव्हा ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर थोरल्या भावाचं नाव दिलं होतं. त्यानंतर लग्न झालं, मुलगी झाली. आता बायको म्हणते माझं नाव घाला. पण वडील गेल्यावर दादानेच मला शिकवलं. त्याचं नाव काढलं तर त्याला काय वाटेल? आणि नाही काढलं तर खरंच काही बिघडतं का?"

2025 च्या उन्हाळ्यात हा तरुण माझ्याकडे आला तो नात्याचा प्रश्न घेऊन. बायकोशी अबोला होता, आणि निफाडला द्राक्षं करणाऱ्या दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "दादाच्या मनाचं नंतर बघू. आधी फॉर्म दाखवा." त्याच्याकडे फॉर्म नव्हता. बहुतेकांकडे नसतो. ऑफिसातून झेरॉक्स आणायला सांगितली.

पुढच्या भेटीला तो फॉर्म 'एफ'ची झेरॉक्स घेऊन आला. वर नॉमिनीचा तक्ता: दादाचं पूर्ण नाव-पत्ता, नातं 'भाऊ', वय, आणि हिश्शाच्या रकान्यात शंभर टक्के. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, दोघेही त्याच लाइनवरचे. मी बोट ठेवलं ते मधल्या एका छापील ओळीवर. माझे वडील, आई किंवा दोघे माझ्यावर अवलंबून नाहीत, असं तिथे जाहीर करायचं असतं. लागू नसलेले शब्द खोडायचे असतात. त्याने काहीच खोडलं नव्हतं.

"2016 मध्ये हा फॉर्म भरला तेव्हा आई कुठे होती?"

"माझ्याकडेच. सातपूरला खोलीवर. तिला पेन्शन नाही, काही नाही."

म्हणजे हा घोटाळा लग्नामुळे झालेला नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पुरुष कर्मचाऱ्याचं 'कुटुंब' म्हणजे तो स्वतः, बायको, मुलं (लग्न झालेली असोत वा नसोत), अवलंबून असलेले आई-वडील, बायकोचे अवलंबून असलेले आई-वडील, आणि मुलगा वारला असेल तर त्याची विधवा व मुलं. भाऊ त्यात नाही, मग त्याने लहानाचं मोठं का केलेलं असेना. कलम 6 म्हणतं की नॉमिनेशन करताना कुटुंब असेल तर नाव कुटुंबातल्याच माणसाचं हवं. बाहेरचं दिलं तर ते रद्दबातल. आई अवलंबून होती, म्हणजे हा अविवाहित असतानाही त्याला कायद्याच्या हिशेबाने कुटुंब होतं. दादाचं नाव पहिल्या दिवसापासूनच टिकणारं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी दादाकडून काही काढून घेत नाहीये?" मी म्हटलं, "जे त्याला कधी मिळालंच नव्हतं, ते काढून कसं घेणार?"

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण 'लग्न झालं की जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं' हे वाक्य मी फार ऐकते आणि ते अर्धंच खरं आहे. समजा याचे आई-वडील हयात नसते, किंवा कमावते असल्याने त्याच्यावर अवलंबून नसते. मग त्याला कुटुंब नव्हतं, भावाचं नाव चाललं असतं, आणि लग्न होताच ते गळून पडलं असतं. अशा माणसाने कुटुंब झाल्यापासून नव्वद दिवसांत फॉर्म 'जी'वर नवं नॉमिनेशन द्यायचं असतं. पण ज्याने अवलंबून असलेल्या आईचं नाव दिलंय, त्याचं काय? त्याचं नॉमिनेशन लग्नानंतरही जसंच्या तसं उभं राहतं. आई कुटुंबातलीच आहे ना! बायकोचं नाव त्यात आपोआप शिरत नाही. मुलाच्या जन्माचंही तसंच: बायकोच्या नावाचं नॉमिनेशन बाळ झालं म्हणून रद्द होत नाही, फक्त बाळ त्यात नसतं. नाव किंवा हिस्सा बदलायचा असेल तर फॉर्म 'एच' देऊन तो केव्हाही बदलता येतो.

"आणि मी काही केलंच नसतं तर?" त्याने विचारलं. वैध नॉमिनेशन नसेल तर रक्कम वारसांना जाते. तो हिंदू, मृत्युपत्र नाही. म्हणजे बायको, मुलगी आणि आई, तिघींचा सारखा वाटा. दादा तिथेही नाही. फक्त नॉमिनीने फॉर्म 'जे'वर अर्ज करायचा, त्याऐवजी वारसांना फॉर्म 'के' भरून आपण वारस असल्याचं दाखवत बसावं लागतं. कंपनीच्या कपाटात मात्र दादाच्या नावाचा कागद, आणि समोर त्याची विधवा. त्या टेबलावर दोन्ही घरं पहिल्यांदा एकमेकांविरुद्ध उभी राहतात, हे मी पाहिलंय.

रक्कम किती, हेही आम्ही मांडून पाहिलं. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून त्याला 26,000 मिळत. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की वर्षाला 15,000. नोकरी आठ वर्षं दहा महिन्यांची. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून नऊ वर्षं. एकूण 1,35,000 रुपये. आणि मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागत नाही, त्यामुळे 'अजून पाच वर्षं झाली नाहीत, कशाला फॉर्म' हे म्हणणं नव्या पोरांनीही सोडावं.

त्याला मुलीलाच सगळं द्यायचं होतं. बापाचं मन. पण अज्ञान मुलाचा हिस्सा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जमा होतो आणि तो सज्ञान होईपर्यंत बँकेत गुंतवला जातो. उद्याच्या शाळेच्या फीसाठी तो हाताशी येत नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या रकमेत तान्ह्या मुलीचं नाव नको. शेवटी त्याने बायकोला 75 आणि आईला 25 टक्के लिहिलं. हा आकडा बायकोनेच सुचवला. अबोला पैशाचा नव्हताच. 'या घरात माझं नाव कुठेच नाही' एवढंच तिचं म्हणणं होतं. दादाला फोन त्याने माझ्यासमोरच लावला. दादा म्हणाला, "अरे, माझं नाव होतं होय?"

अर्ज दोन प्रतींत दिला, पोच घेतली. कंपनीने नोकरीचा तपशील पडताळून तीस दिवसांत एक प्रत साक्षांकित करून परत द्यायची असते. ती हातात येईपर्यंत काम झालं असं धरू नका. याला महिना उलटल्यावर एकदा लेखी आठवण द्यावी लागली. शिवाय पीएफचं ई-नॉमिनेशन वेगळं, ते ऑनलाइन केलं म्हणून ग्रॅच्युइटीचं होत नाही. त्याने ते केलेलं होतं, आणि म्हणूनच इतकी वर्षं निर्धास्त होता.

वरचे फॉर्म, मुदती आणि 'कुटुंबा'ची व्याख्या जुन्या कायद्यातली आहे; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कुटुंब असताना बाहेरचं नाव चालत नाही, आणि नसताना दिलेलं नाव कुटुंब होताच पडतं, हे तिच्या कलम 55 मध्येही कायम आहे. त्यामुळे आता भरताना सध्याचा नमुना आणि 'कुटुंबा'ची सध्याची व्याख्या एचआरकडून मागून घ्या, नेटवरून उतरवलेला जुना फॉर्म नको.