साचलेली कार्डं आणि चुकीचं बटण

प्रश्न : अँकी खरंच फुकट आहे का? माझ्याकडे दर आठवड्याला पैसे मागतंय.

मग ते अँकी नाहीच. अँकी हे प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर आणून पाठांतर करून घेणारं ॲप. संगणकावरचं अँकी आणि अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड फुकट आहे. आयफोनवर अँकीमोबाइल एकदाच विकत घ्यावं लागतं, त्याला वर्गणी नाही. मिळतंजुळतं नाव आणि ताऱ्यांचं चिन्ह लावून फिरणारी ॲप बरीच आहेत. वर्गणी आधी रद्द करा, ॲप नंतर काढा. नुसतं ॲप काढल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत.

प्रश्न : उत्तर आठवलं नाही की मी Hard बटण दाबते, मैत्रिणीने तसं सांगितलंय. बरोबर ना?

चूक. विसरलात तर Again. Hard म्हणजे ‘आठवलं, पण घाम फुटला’. विसरलेल्या कार्डावर Hard दाबलं की ॲप ते आठवलं असंच धरतं आणि पुढची भेट लांबवतं. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारी नवी एफएसआरएस पद्धत तर तुमच्या याच नोंदींवरून अंदाज बांधते, म्हणजे तिचं सगळंच गणित फसतं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून बटणं दाबू नका. शंका आली तर Again आणि Good ही दोनच वापरा.

प्रश्न : रोज ६० नवी कार्डं घेत होतो. दोन आठवडे आजारी पडलो, आता १४०० साचलीत. सगळी रीसेट करून नव्याने सुरुवात करू?

अजिबात नको! हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता सविस्तरच लिहितो.

आजारपणाला दोष देऊ नका, दोष त्या साठाचा आहे. नवं कार्ड एकदा बघून संपत नाही. ते उद्या येतं, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. म्हणून ढोबळ हिशेब असा, की रोजची उजळणी नव्या कार्डांच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. साठ नवी म्हणजे सहाशे उजळण्या. एका कार्डाला आठ सेकंद धरले तरी ऐंशी मिनिटं गेली, आणि त्यात नवी कार्डं शिकण्याचा वेळ नाहीच. अँकी मुळात रोज २० नवी आणि २०० उजळण्या एवढीच मर्यादा लावून देतं. ती वाढवली तुम्ही.

आता उपाय. नव्या कार्डांची मर्यादा शून्य करा. उजळणीची २०० वर ठेवा. एफएसआरएस चालू असेल तर उजळणीच्या क्रमात Descending retrievability निवडा, म्हणजे अजून लक्षात असण्याची शक्यता जास्त असलेली कार्डं आधी येतील आणि ती निसटण्यापूर्वी हाती लागतील. पार विसरलेली थोडी थांबली तर फारसं बिघडत नाही. ती तशीही जवळजवळ पुन्हा शिकायचीच आहेत. समजा रोज नव्याने शंभर कार्डं उजळणीला येतात आणि तुम्ही दोनशे करता. मग ढीग रोज शंभराने उतरतो, म्हणजे चौदा दिवस. रीसेट केलंत तर जी कार्डं पक्की होती तीही पहिल्या दिवसापासून सुरू होतील, आणि महिन्याभरात तुम्ही याच ढिगाखाली असाल. Good दाबत सुटून ढीग ‘संपवणारे’ही असतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

ढीग उतरताना काही कार्डं परत परत चुकतील. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अँकी leech, म्हणजे जळू, ठरवतं आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला काढतं. ते परत आत ढकलू नका, उघडून वाचा. बहुतेकदा प्रश्नच वाईट असतो. ‘ग्लायकॉलिसिसच्या दहा पायऱ्या सांगा’ हे कार्ड नव्हे, ती शिक्षा आहे. नऊ आठवल्या तर कुठलं बटण दाबणार? त्याचे तुकडे करा: ‘फॉस्फोफ्रुक्टोकायनेज फ्रुक्टोज-६-फॉस्फेटचं काय बनवतं?’ उत्तर एकच, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. तुकडे करताना धडाच समजलेला नाही असं लक्षात आलं, तर कार्ड बंद करा आणि शिक्षकांकडे जा.

नवी कार्डं पुन्हा सुरू कराल ती रोज १५. त्याहून जास्त झेपतील का, हे तुमचं वेळापत्रक पाहणाऱ्या शिक्षकांना विचारून ठरवा. आणि आजारपणाचा अशक्तपणा अजून असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ढीग कुठे पळत नाही.

प्रश्न : वीस हजार कार्डांचा ‘टॉपर्स डेक’ विकत मिळतोय. घेऊ का?

रोज २० नवी घेतलीत तर हजार दिवस लागतील. परीक्षा कधी आहे?

तयार डेक वाईटच असतात असं नाही. पण न वाचलेल्या धड्याचं कार्ड म्हणजे संदर्भ सुटलेलं वाक्य, आणि त्यातली चूकही तुम्ही इमानेइतबारे पाठ करणार. फुकटचा मिळाला तर वर्गात झालेल्या धड्यापुरतीच कार्डं उघडा, बाकीची Suspend करून बाजूला ठेवा. नमुन्याची पन्नास कार्डं विषयशिक्षकांना दाखवा, मगच पुढे.

प्रश्न : परीक्षेला ४० दिवस उरलेत. आता सुरू करू का?

फक्त सराव चाचणीत चुकलेल्या गोष्टींसाठी. शेवटच्या दहा दिवसांत नवं कार्ड नको. गणितं मात्र कागदावरच सोडवा.