पितळी निरांजन भरीव पितळेचं आहे की नुसता मुलामा, हे कसं ओळखायचं?

"नुसतं ब्रास फिनिश लिहिलंय, वजन ४२० ग्रॅम. चिंचेने घासलं तर चालेल का?"

‘ब्रास फिनिश’ म्हणजे फक्त रंग पितळेसारखा. धातू कोणता ते त्यातून कळत नाही. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

खरी परीक्षा पाण्यात. किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. निरांजन दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असं धरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे निरांजनाचं आकारमान, मिलिलिटरमध्ये. ४२० ला त्याने भागा. काटा ५० दाखवत असेल तर उत्तर ८.४, म्हणजे पितळ. ६० दाखवत असेल तर ७, म्हणजे बहुधा जस्त. बंद पोकळी असलेल्या किंवा आत काही भरलेल्या मूर्तीला मात्र ही रीत लागू पडत नाही.

मुलामा निघाला तर चिंच, लिंबू, पावडर सगळं लांब ठेवा. घासलं की आधी कडांवरचा पिवळेपणा जातो आणि खालचा पांढरट धातू उघडा पडतो. तो पुन्हा पिवळा होत नाही. ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, बस्स.

पितळ निघालं तर चिंच चालेल, पण वर लॅकरचा पारदर्शक थर नसेल तरच.