कंदी पेढा आणि पंधरा-पन्नासचा घोळ

प्रश्न: साताऱ्यातला दुकानदार परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायला शिकतो, अशी सोप्या इंग्रजीतली छोटी गोष्ट मुलांसाठी कशी लिहू?

उत्तर: एकच अडचण घ्या, किंमत सांगण्याची. कंदी पेढ्याच्या दुकानात बाई विचारतात, ‘हाऊ मच इज वन पेढा?’ दुकानदार म्हणतो, ‘फिफ्टीन रुपीज.’ बाईंना ‘फिफ्टी’ ऐकू येतं आणि त्या पेढा परत ठेवतात. फिफ्टीनमध्ये जोर ‘टीन’वर हवा, तो ‘फिफ्’वर पडला आणि शेवटचा ‘न’ पुसट झाला की हा घोळ होतोच. मग दुकानदार म्हणतो, ‘नॉट फाइव्ह झिरो. वन फाइव्ह.’ पुढच्या गिऱ्हाइकाला तो हे आपणहून सांगतो, तिथे त्याचं शिकणं दिसतं.

वाक्यं सहा-सात शब्दांची, साध्या वर्तमानकाळातली ठेवा. भूतकाळात ‘वेंट’, ‘बॉट’ अशा रूपांपाशी नवशिकी मुलं अडतात. ‘हाऊ मच’ मात्र चार-पाचदा येऊ द्या, दर वेळी वस्तू बदलून.